आंबा पेढीचे ईमेल पत्र: यादीत येणारे आणि यादीतून जाणारे

ईमेल न्यूजलेटर म्हणजे व्यवसायाने आपल्या ग्राहकांना, त्यांच्या संमतीने, ठरावीक काळाने पाठवलेले पत्र. नाव नोंदवण्याचा फॉर्म, नोंदवलेल्यांची यादी आणि नाव काढून घेण्याची सोय या तीन गोष्टींवर त्याची उभारणी होते. सर्वांना दिसतो तो पत्राचा मजकूर. पण पत्र इनबॉक्समध्ये पडणार की स्पॅममध्ये, हे बहुतेक वेळा या तीन गोष्टी ठरवतात. त्यातही तिसरी, जिच्याकडे व्यावसायिक सर्वांत शेवटी आणि नाइलाजाने पाहतात.

उदाहरण म्हणून देवगड तालुक्यातली एक काल्पनिक आंबा पेढी घेता येईल. स्वतःची कलमे, हंगामात मुंबई-पुण्याला घरपोच पेट्या आणि बिलबुकात, फोनमध्ये, जुन्या एक्सेलमध्ये विखुरलेले साधारण 900 ग्राहक. काही ग्राहक परदेशी असतात. न्यू जर्सीतली लेक दादरच्या आईवडिलांसाठी दोन पेट्यांचे पैसे ऑनलाइन भरते. अशा पेढीचा आजवरचा आधार म्हणजे व्हॉट्सॲप. तिथल्या ब्रॉडकास्ट यादीत 256 जणांचीच सोय असते आणि ज्यांनी पेढीचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलेला असतो त्यांनाच निरोप पोचतो. मग कोणीतरी ईमेलचा सल्ला देतो आणि पेढीचा मालक आपल्या नेहमीच्या जीमेलवरून सर्वांना बीसीसीत घालून भाव कळवतो. हाही मार्ग फार लांब जात नाही. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला 500 जणांपर्यंतच पत्रे जातात, त्यापुढे पाठवणे काही काळ बंद होते, आणि त्या पत्रात नाव काढून घेण्याची कोणतीच सोय नसते. ज्याला आंबा नको असतो त्याच्यासमोर मग एकच बटण उरते, ते म्हणजे स्पॅमचे.

म्हणून न्यूजलेटर पाठवणारी सेवा घ्यावी लागते. मेलचिम्प, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स या महिन्याच्या शुल्कावर चालणाऱ्या सेवा आहेत. मर्यादित वापरासाठी त्यांतल्या काही फुकटही मिळतात. स्वतःच्या सर्व्हरवर बसवता येणारे, मुक्त परवान्याचे लिस्टमंक झिरोधाच्या कैलाश नाध यांनी लिहिलेले आहे. नऊशे नावांच्या पेढीने सर्व्हर सांभाळण्याच्या भानगडीत पडू नये. कोणतीही सेवा घेतली तरी यादी, फॉर्म आणि नाव काढण्याची लिंक ही कामे सारखीच असतात.

सुरुवात फॉर्मपासून होते आणि इथे पहिला मोह असतो सगळेच विचारून घेण्याचा: नाव, फोन, पत्ता, वाढदिवस, किती डझन लागतात. न्यूजलेटरला लागतो तो फक्त ईमेल पत्ता. फार तर नाव आणि गाव, कारण पुण्याच्या ग्राहकाला पुण्याच्या डिलिव्हरीचा वार कळवता येतो. माणूस फोन नंबर द्यायला कचरतो आणि तिथेच फॉर्म सोडून देतो. शिवाय जी माहिती घेतली नाही ती सांभाळावीही लागत नाही.

रकान्यांपेक्षा महत्त्वाचे आहे ते फॉर्मखालचे एक वाक्य. ‘अपडेट मिळवा’ यातून काहीच कळत नाही. ‘मोहोर, पहिली तोड, पेटीचे भाव आणि डिलिव्हरीच्या तारखा यांबद्दल हंगामात महिन्यातून साधारण दोन आणि एरवी दोन महिन्यांतून एक पत्र येईल, प्रत्येक पत्राखालच्या लिंकवरून नाव केव्हाही काढता येईल’ असे लिहिले की काय, किती वेळा आणि सुटका कशी, तिन्ही प्रश्न मिटतात. ऑर्डरच्या पानावर हाच फॉर्म जोडला असेल तर शेजारची चौकट कोरी ठेवायची; ग्राहकाने स्वतः टिक करायची. आधीच टिक केलेली चौकट ही संमती नव्हे. युरोपात जीडीपीआरखाली हे 2019 मध्ये युरोपीय न्यायालयानेच ठरवून टाकले आहे. भारताच्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही, म्हणजे 2023 च्या कायद्यात, संमती मोकळेपणाने, नेमक्या कारणासाठी आणि स्पष्ट कृतीतून दिलेली असावी असे म्हटले आहे. पेटी मागवण्यासाठी दिलेला पत्ता पेटीसाठी दिलेला असतो. बिलबुकातली 900 नावे सरळ न्यूजलेटरच्या यादीत ओतणे म्हणूनच चुकीचे ठरते. त्यांना पुढच्या ऑर्डरच्या पावतीसोबत फॉर्मची लिंक द्यावी आणि येतील तेवढे येऊ द्यावेत. नऊशेंतले साडेतीनशे आले तरी ते मागून आलेले असतात.

फॉर्म भरला की नाव लगेच यादीत जाऊ नये. आधी त्या पत्त्यावर एक छोटे पत्र जाते: ‘आपण आमच्या पत्रासाठी नाव दिले आहे. खालील बटण दाबून पत्ता पक्का करा. आपण नाव दिले नसेल तर काहीच करू नका.’ बटण दाबले तरच माणूस सदस्य होतो. याला डबल ऑप्ट-इन म्हणतात. काही लोक दुसरे बटण दाबायचे विसरतात आणि तेवढी नावे गळतात, म्हणून अनेक व्यावसायिकांना ही पायरी नकोशी वाटते. पण तिच्यामुळे टळतात ते प्रकार जास्त महाग पडणारे आहेत. पुण्यातल्या आंबा महोत्सवाच्या स्टॉलवर वहीत लिहिलेला पत्ता घरी आल्यावर वाचता येत नाही. `gmail.com` चे `gmial.com` होते. कोणी खोडसाळपणे दुसऱ्याचाच पत्ता भरतो. त्याहून वाईट म्हणजे आपोआप फॉर्म भरणारे बॉट. एखाद्याला छळण्यासाठी ते त्याचा पत्ता शेकडो संकेतस्थळांच्या फॉर्ममध्ये भरतात आणि बिचाऱ्याचा इनबॉक्स न मागितलेल्या पत्रांनी तुंबतो. डबल ऑप्ट-इन असेल तर पेढीकडून त्याला एकच पत्र जाते आणि विषय संपतो. बॉटसाठी आणखी एक सोपा सापळा असतो: माणसाला न दिसणारा एक रिकामा रकाना फॉर्ममध्ये ठेवायचा. बॉट तोही भरतो आणि पकडला जातो. बहुतेक सेवांमध्ये ही सोय तयार असते.

पत्ता पक्का करण्याच्या पत्रात भाव, सवलत, फोटो यांपैकी काहीही घालायचे नाही. ज्याने अजून होकार दिलेला नाही त्याला जाहिरात पाठवणे म्हणजे होकाराआधीच पत्र पाठवणे. आठवडाभरात बटण दाबले गेले नाही तर ती नोंद पुसून टाकावी. स्टॉलवर वहीऐवजी फॉर्मचा क्यूआर कोड लावला तर ग्राहक स्वतःच्या फोनवर पत्ता भरतो आणि अक्षर लावण्याचा प्रश्नच उरत नाही.

आता यादी. पेढीच्या दृष्टीने यादी म्हणजे पत्त्यांचा ढीग, पण खरी यादी प्रत्येक पत्त्याचा इतिहास सांगते. सेवा बदलताना किंवा तक्रार आली तर पुढील रकाने हाताशी असावेत:

```
email,status,source,consent_at,confirmed_at,form_version,unsub_at
```

यात `source` म्हणजे नाव कुठून आले: संकेतस्थळ, स्टॉल की ऑर्डरचे पान. `form_version` म्हणजे त्या वेळी फॉर्मखाली कोणते वाक्य होते. दोन वर्षांनी पेढीने भाजलेले काजूगर विकायला घेतले आणि त्यांचीही जाहिरात याच यादीला पाठवायची ठरवली, तर कोणी नक्की कशासाठी हो म्हटले होते हे या रकान्यातून कळते. हा रकाना ठेवणारे व्यावसायिक फार थोडे असतात. तक्रार आल्यावर मात्र तोच एक पुरावा असतो.

यादीचा `status` हा रकाना चार अवस्था सांगतो. पत्ता पक्का व्हायचा आहे, सदस्य चालू आहे, पत्र परत आले आहे किंवा नाव काढून घेतले आहे. परत येणाऱ्या पत्रांत दोन प्रकार असतात. उत्तरात `550 5.1.1` असा कोड दिसला तर असा पत्ताच अस्तित्वात नाही. तिथे पुन्हा पाठवायचे नाही. `452 4.2.2` दिसला तर पेटी भरलेली आहे, तो काही दिवसांनी पुन्हा चालू शकतो. चांगल्या सेवा हा फरक स्वतःच ओळखून यादी झाडतात.

पाठवण्याच्या पत्त्याची एक तांत्रिक बाजू आहे, ती थोडक्यात. पत्र `@gmail.com` वरून जाऊ नये, पेढीच्या स्वतःच्या डोमेनवरून जावे. कारण दुसऱ्या सेवेमार्फत जीमेलच्या नावाने पाठवलेले पत्र समोरचा सर्व्हर तोतया समजतो. डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी लागतात. एसपीएफ सांगते की या डोमेनच्या वतीने कोण पत्र पाठवू शकते, डीकेआयएम पत्रावर सही करते, आणि या दोन्हींत खोट निघाली तर काय करायचे ते डीमार्क सांगते. पहिल्या दोन नोंदींचा मजकूर न्यूजलेटरची सेवा देते, तो डोमेनच्या पॅनलमध्ये चिकटवायचा असतो. डीमार्कची सुरुवातीची नोंद अशी असते:

```
_dmarc.example.in  TXT  "v=DMARC1; p=none; rua=mailto:dmarc@example.in"
```

इथली ठरलेली चूक म्हणजे एसपीएफच्या दोन नोंदी. डोमेनवर आधीच ऑफिसच्या ईमेलची एक नोंद असते, न्यूजलेटरसाठी शेजारी दुसरी लावली जाते आणि दोन्ही निकामी होतात. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते, दोन्ही सेवा तिच्यातच लिहाव्या लागतात. सगळे जमले की नाही हे पाहायला स्वतःच्या जीमेलवर एक चाचणी पत्र पाठवावे, ते उघडून मेन्यूतले `Show original` दाबावे. वर SPF, DKIM, DMARC या तिन्हींपुढे `PASS` दिसले की काम झाले.

हंगामी व्यवसायाची खरी अडचण याच्यापुढे सुरू होते. आंब्याचा माणूस मार्च ते मे बोलतो आणि जूननंतर गप्प होतो. आठ-नऊ महिन्यांनी फेब्रुवारीत पहिल्या तोडीचे पत्र एकदम साऱ्या यादीला जाते. तोवर अनेकांना आपण नाव दिले होते हे आठवत नाही. काहींचे ऑफिसचे पत्ते नोकरीबरोबर बंद झालेले असतात. ज्या डोमेनवरून वर्षभर काहीच आले नाही तिथून अचानक शेकडो पत्रे आलेली पाहून ईमेल सेवाही संशयाने पाहतात. तक्रारींचे गणित लहान यादीला फार कठोर असते. गूगलच्या नियमांनुसार स्पॅम म्हणून झालेल्या तक्रारी 0.3 टक्क्यांपर्यंत जाता कामा नयेत, शक्यतो 0.1 टक्क्याच्या आत राहाव्यात. पेढीच्या यादीत जीमेलचे 700 पत्ते असतील तर 0.3 टक्के म्हणजे जेमतेम दोन माणसे. तिसऱ्याने बटण दाबले की रेषा ओलांडलीच. तक्रारींचे प्रमाण गूगलच्या पोस्टमास्टर टूल्समध्ये दिसते, पण इतक्या थोड्या पत्रांना तिथला तक्ता बऱ्याचदा कोराच राहतो. म्हणजे छोट्या पेढीला धोका कळतो तो ग्राहकाच्या फोनवरूनच: ‘तुमचं पत्र स्पॅममध्ये सापडलं.’

म्हणून पावसाळ्यातही पत्र थांबवू नये. ऑगस्टमध्ये छाटणी आणि खताची बातमी, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये थंडी पडली का आणि मोहोर कसा धरला याची बातमी, एवढी दोन-तीन पत्रे पुरतात. त्यांत काही विकायचे नसते, पण हापूस खाणाऱ्याला ती वाचायला आवडतात. खंड पडलाच असेल तर पहिले पत्र गेल्या हंगामात पेटी घेतलेल्यांना जावे, दोन दिवसांनी बाकीच्यांतल्या शंभरेक जणांना, मग उरलेल्यांना. पत्राच्या पहिल्याच ओळीत ‘गेल्या एप्रिलमध्ये आपण आमच्या संकेतस्थळावर नाव दिले होते’ अशी आठवण असावी, आणि त्याच ओळीत नाव काढण्याची लिंकही. पत्र किती जणांनी उघडले या आकड्यावर मात्र फार विसंबू नये. 2021 पासून ॲपलचे मेल ॲप पत्रातली चित्रे आधीच उतरवून घेते, त्यामुळे न उघडलेले पत्रही उघडल्यासारखे मोजले जाते. भावाच्या लिंकवर किती जण गेले आणि किती जणांनी उत्तर लिहिले, हे आकडे जास्त खरे.

आता नाव काढण्याचे नियम. प्रत्येक पत्राच्या तळाशी साध्या शब्दांत लिंक असावी, तीही फिकट राखाडी रंगात लपवलेली नको. ती दाबल्यावर लॉगिन, पासवर्ड, ‘का जाताय?’ असा सक्तीचा प्रश्न, यांतले काही येऊ नये. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांसाठी एका टिचकीत नाव काढण्याची सोय सक्तीची केली आणि मागणी दोन दिवसांत अमलात आणायला सांगितले. गूगलच्या हिशेबात मोठे म्हणजे दिवसाला जीमेलवर सुमारे 5000 पत्रे. पेढी त्यात बसत नाही, तरी ही सोय तिने करावीच, कारण ती असली की जीमेल पाठवणाऱ्याच्या नावाशेजारीच नाव काढण्याचे बटण दाखवते आणि माणूस स्पॅमकडे वळत नाही. पत्राच्या डोक्यावर, वाचकाला न दिसणाऱ्या भागात, सेवा पुढच्या दोन ओळी घालते:

```
List-Unsubscribe: <https://example.in/u/7f3k9>
List-Unsubscribe-Post: List-Unsubscribe=One-Click
```

दुसरी ओळ 2017 च्या आरएफसी 8058 या मानकातून आली, आणि तिच्यामागे एक मजेशीर अडचण आहे. अनेक कंपन्यांच्या ईमेलवर सुरक्षेची यंत्रणा बसवलेली असते. ती पत्रातली प्रत्येक लिंक आधी स्वतः उघडून पाहते. लिंक नुसती उघडल्यानेच नाव निघत असेल तर माणसाने पत्र पाहण्याआधीच यंत्र त्याचे नाव काढून टाकते. दुसऱ्या ओळीमुळे ईमेल सेवेला एक वेगळी विनंती पाठवावी लागते आणि नाव त्याच विनंतीवर निघते. तळाच्या दिसणाऱ्या लिंकवर मात्र एक पान उघडावे आणि त्यावर ‘नाव काढा’ असे एकच बटण असावे. एखाद्या बँकेत किंवा आयटी कंपनीत काम करणाऱ्या ग्राहकांची नावे आपोआप गळू लागली तर प्रथम इथेच पाहावे.

दुसरा घोटाळा घरगुती आहे. बहीण पत्र नणंदेला पुढे पाठवते, नणंद तळाची लिंक दाबते आणि नाव निघते बहिणीचे, कारण लिंक तिच्या पत्त्याची असते. त्यामुळे नाव काढल्याच्या पानावर पत्ता अर्धवट झाकून दाखवावा आणि चुकून झाले असल्यास परत जोडण्याचे बटण द्यावे. शिवाय कितीतरी लोक लिंक शोधतच नाहीत. ते सरळ उत्तर लिहितात, ‘कृपया मेल बंद करा’. ते उत्तर कोणीतरी वाचले पाहिजे. ज्या पत्त्यावर उत्तर पोचतच नाही अशा पत्त्यावरून न्यूजलेटर पाठवणे लहान पेढीला शोभत नाही आणि परवडतही नाही.

नाव काढले म्हणून ऑर्डरच्या पावत्या थांबत नाहीत. पेटी निघाली, उद्या पोचेल, ही पत्रे व्यवहाराची. ती जाहिरातीच्या यादीपासून वेगळी ठेवावीत. त्यांत ‘या आठवड्यात दोन पेट्यांवर सूट’ अशी ओळ घुसवली की ती व्यवहाराची राहत नाहीत.

कायद्यापुरते पाहिले तर नको असलेल्या ईमेलविरुद्ध भारतात वेगळा कायदा नाही. ट्रायची डीएनडी नोंदणी फोन आणि एसएमएससाठी आहे. 2023 च्या डेटा कायद्यानुसार संमती देणे जितके सोपे तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे लागते, आणि संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. संमतीची मुख्य बंधने लागू होण्यासाठी त्यानंतर दीड वर्षाची मुदत आहे. न्यू जर्सीच्या ग्राहकासाठी अमेरिकेचा 2003 चा कॅन-स्पॅम कायदा येतो. तो पत्रात टपालाचा पूर्ण पत्ता मागतो आणि नाव काढायला कामाचे 10 दिवस देतो. गूगलचे दोन दिवस पाळले तर या मुदतीची वेगळी काळजी करावी लागत नाही.

शेवटचा मुद्दा नाव काढलेल्यांच्या यादीचा, आणि सर्वांत जास्त गफलत इथेच होते. नाव काढले म्हणजे नोंद पूर्ण पुसली, असे समजून पेढीतला कोणीतरी पत्ता डिलीट करतो. पुढच्या हंगामात सेवा बदलते, जुनी एक्सेल नव्या ठिकाणी चढवली जाते, आणि जो माणूस दोन वर्षांपूर्वी गेला तो परत यादीत येतो. असा माणूस पुन्हा लिंक शोधत बसत नाही, तो थेट स्पॅमचे बटण दाबतो. म्हणून गेलेल्यांची वेगळी यादी ठेवतात, तिला सप्रेशन लिस्ट म्हणतात. तीत नाव, गाव, खरेदीचा इतिहास काही ठेवायचे नाही. फक्त पत्ता, किंवा त्यापासून तयार केलेला हॅश, आणि गेल्याची तारीख. कोणतीही नवी फाइल चढवण्याआधी ती या यादीशी ताडून पाहायची. सेवा बदलताना चालू सदस्यांची फाइल सगळेच उतरवून घेतात; नाव काढलेल्यांची आणि परत आलेल्या पत्त्यांची फाइल बहुतेक सेवांमध्ये वेगळी मागावी लागते, आणि ती नव्या सेवेत सदस्यांच्या आधी चढवावी लागते.